गोळी पोहोचते कधी आणि उतरते कधी

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ असून तिला सात वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा २५ मिलिग्रॅमची एकेक गोळी ती सकाळी ७, दुपारी १२.३०, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता घेते. सकाळची गोळी छान लागू पडते, पण ११ नंतर ती पुन्हा जखडते. दुपारची गोळी मी जेवण झाल्यावर लोहाच्या गोळीबरोबर देते. तिचा परिणाम दोन-सव्वादोनपर्यंत दिसत नाही, काही दिवस तर दिसतच नाही. प्रथिनांमुळे औषध अडते असे एका नातेवाइकांनी सांगितल्यावर दोन महिन्यांपासून तिचे दूध, डाळी आणि अंडी बंद केली आहेत. वजन ५४ वरून ५० किलोवर आले आहे. गेल्या आठवड्यात गोळी लागेना म्हणून पावणेदोनला अर्धी गोळी जास्त दिली, तर नंतर तासभर तिची मान आणि हात वळवळत राहिले. गोळी जेवणाआधी द्यावी की नंतर? प्रथिने बंदच ठेवावीत का? आणि मधल्या तासांत काय करावे? – एक वाचक

उत्तर : आईंची प्रथिने आजपासून परत सुरू करा. बाकीचे सगळे यानंतर. दोन महिन्यांत चार किलो वजन गेले, त्यात स्नायूंचाही वाटा असणार, आणि पार्किन्सन्समध्ये गेलेला स्नायू परत मिळवणे फार कठीण जाते; तोल जाऊन पडण्याचा धोका त्यामुळे वाढतो. शिवाय तुम्ही लिहिलेल्या हकिकतीतच एक पुरावा आहे. डाळी आणि दूध दोन महिने बंद आहेत, तरीही दुपारची गोळी उशिराच लागते आहे. म्हणजे मुख्य अडथळा प्रथिनांचा नाही, दुसऱ्या कशाचा तरी आहे.

माझ्या मते तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. दुपारची गोळी उशिरा पोहोचते, ही पहिली. सकाळची गोळी पुढची वेळ येण्याआधीच उतरते, ही दुसरी. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत आई जखडलेल्याच असतात. पण पहिलीचा उपाय जेवणाच्या आणि गोळीच्या अंतरात आहे, तर दुसरीचा दोन गोळ्यांमधल्या अंतरात. दुसरीवर पहिलीचा उपाय करत राहिले की घरच्या माणसांच्या हाती निराशा येते आणि रुग्णाचे ताट विनाकारण रिकामे होते.

आधी पोहोचण्याचे बघू. लेव्होडोपा जठरात शोषले जात नाही, ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. त्यामुळे गोळी गिळल्यानंतर ती किती लवकर लागेल, हे बरेचसे जठराचे दार कधी उघडते यावर ठरते. पोट रिकामे असताना पेलाभर पाण्याबरोबर घेतलेली गोळी साधारण अर्ध्या तासात पुढे सरकते. भरपेट जेवणानंतर घेतलेली गोळी मात्र अन्नाबरोबर जठरातच थांबते, आणि जेवण तेलकट किंवा तुपकट असेल तर आणखी जास्त वेळ थांबते. पार्किन्सन्समध्ये जठराची हालचाल मुळातच मंदावलेली असू शकते, त्यामुळे हा मुक्काम निरोगी माणसापेक्षा लांबतो. साडेबाराची गोळी सव्वादोनला लागते, त्याचे सगळ्यात साधे कारण हे आहे.

दुसरे कारण तुम्ही सहज लिहून गेलात, ते लोहाच्या गोळीचे. लोह आणि लेव्होडोपा पोटात एकमेकांना बांधून टाकतात आणि त्या बांधलेल्या रूपात औषध नीट शोषले जात नाही, म्हणून या दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर हवे. काही दिवस गोळीचा परिणाम अजिबातच दिसत नाही, यामागे लोहाचा हात असण्याची मला दाट शंका आहे. लोह बंद करायचे नाही, फक्त त्याची वेळ हलवायची आहे. ती कुठे बसवायची ते पुढे सांगतो. लोहाची गोळी वेगळी नसली तरी जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या मिश्र गोळ्यांत बहुधा लोह असते, तेव्हा घरात अशी काही गोळी चालू असेल तर तिच्या वेष्टनावरची यादीही वाचून घ्या.

प्रथिनांचे म्हणणे खोटे नाही, मात्र त्याची जागा तिसरी आहे. प्रथिने पचली की त्यांची अमिनो आम्ले होतात. त्यांतली काही आम्ले आणि लेव्होडोपा एकाच वाहकावर बसून आतड्याची भिंत ओलांडतात, आणि पुढे रक्तातून मेंदूत शिरतानाही पुन्हा तशाच वाहकावर बसावे लागते. जागा मोजक्या, उमेदवार पुष्कळ, अशी स्थिती झाली की औषध मागे पडते. यातला दुसरा दरवाजा लक्षात ठेवण्यासारखा आहे. गोळी जेवणापासून दूर घेतली तरी जड जेवणातली अमिनो आम्ले काही तास रक्तात असतात, त्यामुळे भरपूर प्रथिनांच्या जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली गोळीसुद्धा कधी कधी कमजोर पडते. हा परिणाम सगळ्यांना जाणवत नाही. ज्यांचा आजार पुढे गेला आहे आणि ज्यांचा दिवस गोळीप्रमाणे वरखाली होतो, त्यांच्यातल्याच काहींना तो ठळकपणे जाणवतो.

तेव्हा गोळी जेवणाआधी की नंतर, याचे उत्तर असे : जेवणाआधी किमान अर्धा तास, जमल्यास पाऊण ते एक तास, आणि ते शक्य नसेल तर जेवणानंतर दीड ते दोन तासांनी. गोळी ताठ बसून, पूर्ण पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी. घोटभर पाण्यावर गिळलेली गोळी अन्ननलिकेतही रेंगाळू शकते. दुधाबरोबर गोळी देऊ नये. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखादे कोरडे बिस्किट किंवा फळाची फोड चालते, कारण त्यांत प्रथिने नगण्य असतात. मळमळ तरीही थांबली नाही तर डॉक्टरांना सांगा, पण मेटोक्लोप्रमाइड हे औषध घेऊ नका. उलटी थांबवण्यासाठी ते सर्रास दिले जाते. मात्र लेव्होडोपापासून मेंदूत जे डोपामिन बनते आणि हालचाल सांभाळते, त्याचेच काम ते अडवते आणि पार्किन्सन्स वाढल्यासारखे वाटू लागते. पार्किन्सन्स आहे हे माहीत नसलेल्या डॉक्टरांकडून ते लिहून दिले जाऊ शकते, म्हणून त्याचे नाव घरात लिहून ठेवलेले बरे.

आता उतरण्याकडे येऊ. कार्बिडोपासह घेतलेले लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही. दर दीड तासाला त्याचे प्रमाण साधारण निम्मे होते. आजाराच्या पहिल्या वर्षांत ही गोष्ट जाणवत नाही, कारण मेंदूत शिल्लक असलेल्या डोपामिनच्या पेशी औषधापासून बनलेले डोपामिन साठवून ठेवतात आणि हळूहळू वापरतात, त्यामुळे दिवसातून तीन गोळ्या पुरतात. पेशी कमी होत जातात तशी ती साठवण उरत नाही आणि शरीर रक्तातल्या पातळीबरोबर चालू-बंद होऊ लागते. यालाच डॉक्टर वेअरिंग ऑफ म्हणतात. गोळी जुनी झाली, शरीराला तिची सवय झाली किंवा औषध कायमचे संपले, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक गोळी अजूनही काम करते आहे, तिचा पल्ला तेवढा आखूड झाला आहे.

उतरण्याची पहिली खूण बहुधा कंप ही नसते. एका गृहस्थांनी त्यांच्या पत्नीची रोजनिशी मला दाखवली होती. तिच्यात रोज ‘आवाज बसला’ अशी नोंद असे आणि बरोबर वीस मिनिटांनी पावले अडखळत. कुणाला अकारण अस्वस्थता किंवा भीती वाटू लागते, कुणाला घाम फुटतो, कुणाची बोटे किंवा पायाचा अंगठा आत वळून दुखतो, कुणाला वारंवार लघवीला जावेसे वाटते. घरच्यांना ही वेगळीच तक्रार वाटते आणि तिच्यासाठी वेगळी गोळी शोधली जाते. तक्रार रोज गोळीच्या ठरावीक तासालाच उगवत असेल आणि पुढची गोळी लागली की मावळत असेल, तर ती बहुतेक वेळा याच घडामोडीतली असते.

म्हणून मला तुमच्याकडून आधी तीन दिवसांचा कागद हवा आहे. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दर अर्ध्या तासाला एक खूण करा : आई मोकळ्या आहेत, जखडलेल्या आहेत, अंग वळवळते आहे, की झोपल्या आहेत. त्याशेजारी गोळी गिळल्याची नेमकी वेळ, जेवणाची वेळ आणि काय खाल्ले ते लिहा. मोकळे आहे की जखडलेले, हे ठरवायला एक छोटे काम निवडा आणि रोज तेच वापरा, म्हणजे अंदाज बदलणार नाही. सदऱ्याची एक गुंडी लावून बघणे पुरते : मोकळ्या असताना ती एका झटक्यात बसते, आणि जखडल्यावर अंगठा गुंडीच्या कडेवरून घसरत राहतो, छिद्राजवळ येऊन थांबतो. खूण त्या त्या वेळेलाच करा. रात्री आठवून भरलेला कागद कामाचा नसतो, कारण सबंध दिवसातला एकच वाईट तास मनात मोठा होऊन बसतो.

तुमच्या पत्रावरून त्या कागदाचा अंदाज मी असा बांधतो. सातची गोळी साडेसात-पावणेआठला लागते आणि अकराच्या सुमारास उतरते, म्हणजे गिळल्यापासून तिचा पल्ला सुमारे चार तासांचा आहे. पण दोन गोळ्यांमधले अंतर साडेपाच तासांचे आहे. म्हणजे अकरा ते साडेबारा हा दीड तास कोणतेही पथ्य पाळले तरी मोकळा जाणारच नाही, कारण त्या वेळी शरीरात पुरेसे औषध नसतेच. त्यात साडेबाराची गोळी अडकली की जखडलेला काळ सव्वादोनपर्यंत लांबतो. कागदाने हे खरे ठरवले, तर डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी एक आराखडा सुचवतो : गोळ्या सकाळी ७, १०.३०, दुपारी २, संध्याकाळी ५.३० आणि रात्री ९.३०, न्याहारी पावणेआठ-आठला, जेवण दुपारी १२ ते १२.३० च्या दरम्यान, हलके खाणे साडेतीन-चारला आणि रात्रीचे जेवण साडेसातला. यात प्रत्येक गोळीला पुढे पाऊण तास ते दोन तास आणि मागे दीड ते पावणेतीन तास मोकळे मिळतात. साडेपाच ते साडेनऊ हे चार तासांचे अंतर थोडे ताणलेले आहे, पण संध्याकाळी आईंची हालचाल कमी असेल तर ते निभू शकेल. लोहाची गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर साडेसातला बसते, कारण तिथे आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही गोळ्यांपासून दोन दोन तासांचे अंतर आहे.

मात्र जेवणाच्या आणि लोहाच्या वेळा, सध्याच्या चार गोळ्यांपासून तेवढेच अंतर राखून, तुम्ही उद्यापासून हलवू शकता, तसे पाचव्या गोळीचे नाही. चारच्या पाच झाल्या की दिवसाचे लेव्होडोपा ४०० वरून ५०० मिलिग्रॅम होते, आणि हा निर्णय आईंना तपासणाऱ्या न्यूरोलॉजिस्टनीच घ्यायला हवा. पार्किन्सन्समध्ये उभे राहताना रक्तदाब घसरण्याची प्रवृत्ती असते आणि लेव्होडोपाने ती वाढू शकते. या वयात गोंधळ किंवा भास होतात का, हेही पाहावे लागते. औषध वाढवण्यापूर्वी आडवे असतानाचा आणि उभे राहून तीन मिनिटांनंतरचा रक्तदाब मोजून घेतला, तर डॉक्टरांचे निम्मे काम झालेले असते.

पावणेदोनच्या अर्ध्या गोळीचे काय झाले असावे, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. साडेबाराची गोळी वाया गेलेली नव्हती, ती जठरात थांबलेली होती. वरून अर्धी गेली, जठराचे दार उघडले आणि दोन्ही जवळजवळ एकदमच आतड्यात उतरल्या. मान आणि हात वळवळले ते औषधाची पातळी एकदम चढल्यामुळे, आणि ही वळवळ आजाराच्या कंपापेक्षा वेगळी असते. कंप एका लयीत, बहुधा हात स्थिर असताना होतो. ही हालचाल लाटेसारखी, बेताल, सबंध अंगावरून फिरणारी असते. तेव्हा गोळी लागत नाही म्हणून लगेच दुसरी देऊ नका. एखादी गोळी हमखास चुकते असे दिसले तर अशा वेळी किती वाट पाहायची आणि काय द्यायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आणि आईंची गोळी साधी आहे की सावकाश सुटणारी, हेही विचारून घ्या. सावकाश सुटणारी गोळी चुरली किंवा चावली तर तिची रचनाच मोडते. आणि ती न चुरता घेतली तरी उशिरा लागते व तिच्यातले औषध साध्या गोळीइतके पुरते शोषले जात नाही, म्हणून दिवसा अडकलेल्या वेळी तिचा उपयोग होत नाही. सकाळी उठताना खूप जखडलेपण असेल तर रात्रीसाठी मात्र डॉक्टर तिचा विचार करू शकतात.

प्रथिनांकडे परत येतो, कारण त्यांचे प्रमाण आता तुम्हालाच बसवायचे आहे. ५० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला किमान ४० ते ५० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि वजन परत मिळवायचे असेल तर ५० च्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. पेलाभर दुधात सुमारे आठ ग्रॅम, एका अंड्यात सहा ग्रॅम आणि वाटीभर शिजलेल्या डाळीत सात ते नऊ ग्रॅम असतात, तेव्हा हा आकडा फार मोठा नाही. सध्या ही प्रथिने तिन्ही जेवणांत विभागून द्या आणि गोळीशी अंतर ठेवा. दोन-तीन आठवड्यांत अंतर पाळूनही दुपारची गोळी उशिराच लागत असेल, तरच पुढची पायरी घ्यायची : दिवसा दूध, डाळी, अंडी, मासे, मांस हे सगळे कमी करून त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यायचा, एकूण प्रमाण मात्र तेवढेच ठेवायचे. काही रुग्णांचा दिवस याने खरोखर मोकळा होतो. त्याची किंमत रात्री द्यावी लागते, कुशीवर वळणेही जड जाते. आणि दिवसा जास्त औषध मेंदूत पोहोचल्याने अंग वळवळू लागले, तर गोळीचेच प्रमाण कमी करावे लागते. वजन घटत असताना हा प्रयोग आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करू नये, म्हणूनच आईंसाठी तो मी आजचा उपाय मानत नाही.

पाचव्या गोळीनेही मधले तास भरले नाहीत, तर डॉक्टर गोळीचा पल्ला वाढवणारे एखादे औषध जोडू शकतात. एन्टाकापोन २०० मिलिग्रॅम हे लेव्होडोपाच्या प्रत्येक गोळीबरोबर घेतात. ते शरीरात लेव्होडोपाची मोडतोड होण्याचा एक मार्ग अडवते. त्याने लघवी नारिंगी होऊ शकते, ते घाबरण्यासारखे नाही, पण जुलाब टिकून राहिले तर सांगावे. ओपिकापोन हे त्याच प्रकारचे असून रोज एकदा, झोपताना घेतात. रासाजिलिन आणि साफिनामाइड ही वेगळ्या मार्गाने, मेंदूतले डोपामिन जास्त काळ टिकवण्याचे काम करतात. यांतले कोणतेही जोडले की लेव्होडोपाचा परिणाम वाढतो, त्यामुळे आधी नसलेली वळवळ सुरू होऊ शकते आणि मग मूळ गोळी थोडी कमी करावी लागते. तो औषधाचा दोष नसतो, प्रमाण जुळवण्याचा भाग असतो, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतही तो अर्ध्या तासाचा कागद चालू ठेवा.

बद्धकोष्ठाकडेही बघा, कारण ते असताना गोळी लागायला अनेकदा उशीर होतो. दोन-तीन दिवस शौचाला झाले नसेल तर कागदावर तीही नोंद करा. ‘काही दिवस गोळी लागतच नाही’ ते दिवस आणि हे दिवस एकच निघाले, तर पहिला उपचार पोट साफ करण्याचा आहे.

एक इशारा मात्र निक्षून देतो. जखडलेपण वाढले किंवा वळवळ झाली म्हणून लेव्होडोपा अचानक बंद करू नका. तसे केल्यास ताप, कमालीचा ताठरपणा आणि भान हरपणे, अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते, आणि तेव्हा रुग्णालयातच न्यावे लागते. एखादी गोळी चुकली तर आठवताक्षणी द्यावी, पण पुढच्या वेळेला दोन एकदम देऊ नयेत. आईंना दुसऱ्या कशासाठी रुग्णालयात राहावे लागले, तर तिथल्या जेवणाच्या आणि औषधांच्या ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा त्यांच्या गोळ्यांच्या स्वतःच्या वेळा पाळल्या जाव्यात, असे लेखी द्या.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांचा कागद, दोन स्थितींतला रक्तदाब, महिन्याभराचे वजन आणि आई घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची वेष्टने, लोहाच्या गोळीसकट, बरोबर न्या. दुपारच्या जेवणाची आणि लोहाची वेळ तुम्ही आधीच बदललेली असेल, तर तो बदल कोणत्या तारखेपासून केला ते कागदाच्या वर ठळक लिहा, म्हणजे अकरा वाजताच्या उतरण्यातून जे उरले आहे तेवढेच त्यांना औषधाने सोडवायचे राहील.